‘चांगलं बोलत होती की, मध्येच काय गायला लागली?’

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ३६, शाळेत शिकवते. कॉलेजात असल्यापासून मला इंग्रजी म्युझिकल सिनेमे फार आवडतात, पण घरात मी एकटीच. शनिवारी रात्री आम्ही सगळे मिळून एक सिनेमा बघतो, मी, आमचे हे, मामंजी आणि सातवीतली मुलगी. म्युझिकल लावला की पहिल्या गाण्याला ह्यांचा फोन बाहेर येतो आणि मामंजी म्हणतात, "चांगलं बोलत होती की, मध्येच काय गायला लागली?" मागं एकदा ट्रेलर बघून थिएटरला गेलो, ट्रेलरमध्ये गाण्याचा पत्ता नव्हता आणि आत गेल्यावर गाण्यावर गाणी, ते हे अजून ऐकवतात. आणि हेच मामंजी रोज सकाळी नाट्यगीतं लावतात! ह्या दोघांना चालेल असा एखादा म्युझिकल आहे का, की मी नाद सोडून देऊ?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मामंजींचं सकाळचं नाट्यगीत. तुम्ही ते जाताजाता लिहिलंय, पण सगळी किल्ली तिथंच आहे.

जरा विचार करा, संगीत नाटकात काय होतं? दोन माणसं बोलत असतात, त्यातला एक बोलता बोलता थांबतो आणि गायला लागतो, चांगलं दहा दहा मिनिटं, ताना घेत. वर लोक वन्समोअर देतात म्हणून तेच पद परत गातो, तोवर समोरचं पात्र आणि सगळं कथानक तिथंच उभं. ह्याच्यापेक्षा 'मध्येच' गाणं जगात कुठं असेल असं मला वाटत नाही. आणि तरी मामंजींना, त्यांच्या पिढीतल्या हजारो लोकांना, त्यात काही खटकत नाही. म्हणजे पात्रानं गाणं ही त्यांची अडचण नाहीच.

मग खटकत का नाही, तर संगीत नाटकात गाणं कधी अचानक येतच नाही. पडदा उघडतो तोच नांदीनं, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाची सुरुवात 'पंचतुंड नररुंडमाळधर'नं झाली तेव्हापासून हे असंच चालत आलंय. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला सांगून टाकलं की बाबा, इथं माणसं गाणार आहेत. वर ऑर्गन आणि तबला समोरच बसलेले, लपवलेलं काही नाही. वाक्य संपत आलं की ऑर्गनवाला सूर देतो, प्रेक्षक सरसावून बसतो, आणि मग नट तोंड उघडतो. आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात ज्यांनी संगीत नाटकं बघितली (ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आपण सगळ्यांनी बघितलं) त्यांना तो सूर मिळाल्याचा क्षण विचारून बघा, काय सांगतात ते.

म्हणजे मामंजींच्या वाक्यातला खरा शब्द 'गायला' नाही, 'मध्येच' आहे. बोलणं संपून गाणं सुरू होतं तो जो सांधा असतो, तो त्यांना दिसतो आणि दिसला की टोचतो. आता प्रत्येक म्युझिकल हा सांधा वेगळ्या पद्धतीनं हाताळतो, त्यामुळं निवडताना गाणी किती आहेत किंवा किती गाजलेली आहेत हे बघू नका, सांधा कसा मारलाय ते बघा.

सांधा टोचतो त्याची कारणं माणसागणिक वेगळी असतात, म्हणून पुढचा सिनेमा लावायच्या आधी एक काम करा. दोघांना वेगवेगळं विचारा, एकत्र नको, कारण एकत्र विचारलं की मुलगा वडिलांचं वाक्य उचलतो. 'म्युझिकल का आवडत नाही' असं पण विचारू नका, त्याला तयार उत्तर असतं. एखादा अर्धवट सोडलेला सिनेमा आठवून विचारा की नेमकं कुठल्या क्षणाला कसंतरी झालं.

माझ्या अनुभवात उत्तरं साधारण तीन येतात. एक म्हणजे, "रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांना ते गाणं ऐकू येतं की नाही? येत असेल तर ती वळून बघत का नाहीत, आणि सगळ्यांना एकच नाच कसा येतो?" हा माणूस त्या जगाचा नियम शोधतोय आणि त्याला नियम कुणी सांगितला नाही. दुसरं, "तिला तो आवडतो हे मघाशीच कळलं होतं, आता चार मिनिटं तेच गाऊन सांगतीय." ह्याला गाण्याचा त्रास नाही, गोष्ट थांबल्याचा आहे. तिसरं उत्तर लोकांना शब्दांत सांगता येत नाही, ते नुसतं "खोटं वाटतं" म्हणतात, आणि त्यातलं बरंचसं कानाचं असतं. बोलणं खोलीत बोलल्यासारखं येतं, खुर्ची सरकल्याचा आवाज, बाहेरची गाडी, आणि गाणं सुरू झालं की एकदम स्टुडिओतला गुळगुळीत आवाज. तोच नट, तीच खोली, पण कानाला जागा बदललेली कळते.

हे तिसरं आपल्या कोल्हापूरला नवीन नाही. प्रभात कंपनीनं १९३२ साली इथं 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा पार्श्वगायन आलेलंच नव्हतं, राजाची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे स्वतः कॅमेऱ्यासमोर गात होते, बोलणं आणि गाणं एकाच गळ्यातून. पार्श्वगायन १९३५ पासून सुरू झालं आणि मग गाणाऱ्याचा गळा वेगळा, नटाचा वेगळा हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं की हिंदीत ते कळतच नाही. इंग्रजीत मात्र ते सवयीचं नाही म्हणून टोचतं. २०१२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये नटांना सेटवरच थेट गायला लावलं होतं, कानात बारीक इअरपीस, त्यात पियानो वाजतोय आणि ऑर्केस्ट्रा नंतर चढवला, ते हा सांधा बुजवायलाच.

आता तुमच्या घरचं बोलू. पत्रावरून मला मामंजी पहिल्या प्रकारचे वाटतात, त्यांना नांदी लागते. तुमचे मिस्टर दुसऱ्या प्रकारचे, गोष्ट थांबली की फोन. पण फोनचं आणखी एक कारण आहे. हिंदी सिनेमानं आपल्या सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवलंय की गाणं लागलं म्हणजे मोकळीक. थिएटरात बाहेर जाऊन यायचं, घरी चहा ठेवायचा, कॅसेटच्या काळात पुढं पळवायचं, काही चुकत नाही. ते अशा ठिकाणी फोन काढतात ह्यात तुमच्या आवडीचा अपमान नाही, ती सवय आहे. पण चांगल्या म्युझिकलमध्ये नेमकी महत्त्वाची गोष्ट गाण्यातच घडते, ती चार मिनिटं फोनमध्ये गेली की पुढचं कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून सिनेमा कंटाळवाणा वाटतो. हे त्यांना आधी सांगा, सरळ शब्दांत: "ह्या सिनेमात गाण्यात गोष्ट आहे, चहा गाण्याच्या आधी घ्या."

ट्रेलरच्या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूनं आहे. 'वोंका' (२०२३) आणि 'मीन गर्ल्स' (२०२४) दोन्ही म्युझिकल, पण दोन्हींच्या पहिल्या ट्रेलरमध्ये पात्रं गाताना जवळजवळ दिसलीच नाहीत, ह्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. म्हणजे नांदी व्हायची सोडून उलटं लपवाछपवी झाली. ज्याला गाणी नकोत तो तर चिडतोच, पण ज्याला चालली असती तो पण चिडतो, कारण आपल्याला फसवलं असं वाटतं. घरी तुम्ही हे कधीच करू नका. "बघा तर, सरप्राइज आहे" म्हणून लावलेला म्युझिकल हमखास पडतो.

आणि एक गोष्ट नम्रपणे विचारते. 'म्युझिकल आवडले पाहिजेत' हे तुम्ही घरच्यांसाठी ठरवलंय, पण तुम्हाला नक्की काय पाहिजे, त्यांना हा प्रकारच आवडावा, की शनिवारचे दोन तास तुमच्या आवडीच्या सिनेमात तुमच्या शेजारी कुणी मनापासून बसावं? मला पत्रातून दुसरं ऐकू आलं. दुसरं असेल तर काम बरंच सोपं आहे, तीन-चार सिनेमे नीट निवडले की झालं.

माझ्या घरचा किस्सा सांगते. आमचे एक काका गाण्यांच्या नावानं खडे फोडणारे, त्यांना मी उत्साहानं 'ला ला लँड' लावला. त्याची सुरुवातच अशी की फ्लायओव्हरवर ट्रॅफिक जाम आणि एकेक जण गाडीतून उतरून गातोय, नाचतोय, गाड्यांच्या टपावर चढतोय. खरं तर तो सिनेमा प्रामाणिक आहे, पहिल्या पाच मिनिटांत नियम सांगून टाकतो. पण सांध्याच्या तिन्ही तक्रारी त्या एका गाण्यात एकदम अंगावर येतात, सगळा रस्ता नाचतोय, गोष्ट अजून सुरूच झालेली नाही, आवाज स्टुडिओचा. काका दहाव्या मिनिटाला उठून गेले. त्याच काकांनी नंतर 'वन्स' शेवटपर्यंत बघितला, पाय पोटाशी घेऊन, एकदाही न उठता. हे का झालं ते मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होते, आणि तुम्हाला पुढं जे सुचवतेय ते त्यातूनच आलंय.

पहिल्या शनिवारी मात्र इंग्रजी काहीच लावू नका, 'कट्यार काळजात घुसली' लावा, २०१५ चा सिनेमा. मूळ नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, मामंजींना ते पाठ असणार. तुम्ही म्हणाल हा कसला म्युझिकल, ह्यात तर गवयीच गातात. बरोबर, म्हणूनच. इथं गाणं हाच पणाला लावलेला माल आहे, दोन घराण्यांची जुगलबंदी, जिंकणाऱ्याला मान आणि हवेली, आणि हरलेल्या पंडितजींचा शिष्य खाँसाहेबांच्या घरात राहून त्यांची गायकी उचलायला बघतोय. गाणी काढली तर गोष्टच उरत नाही. सिनेमा संपल्यावर तुमच्या मिस्टरांना एवढंच विचारा की फोन का नाही काढला. ते काहीतरी उत्तर देतील, "हे वेगळं" म्हणतील. वेगळं का, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे, तुम्ही सांगू नका.

दुसऱ्या शनिवारी 'वन्स', २००७ चा आयरिश सिनेमा, जॉन कार्नीचा. दीड तासाच्या आतला आहे हा मोठाच फायदा, पडला तरी शनिवार वाया जात नाही. गोष्ट साधी, डब्लिनच्या रस्त्यावर गिटार घेऊन गाणारा एक माणूस, दिवसा वडिलांच्या दुकानात व्हॅक्युम क्लीनर दुरुस्त करतो, आणि चेक देशातून आलेली एक मुलगी जिला पियानो येतो. दोघांना सिनेमात नावंच नाहीत. सतरा दिवसांत शूट केलेला सिनेमा आहे आणि तो तसाच दिसतो, हातात धरलेला कॅमेरा, रस्त्यावरची खरी माणसं.

त्यातला वाद्यांच्या दुकानातला सीन नीट बघा, कारण सांधा कसा बुजवतात ह्याचा तो वस्तुपाठच आहे. मुलीकडं स्वतःचा पियानो नाही, दुकानदार तिला जेवणाच्या सुट्टीत वाजवू देतो. हा गिटार काढतो, तिला आपलं नवीन गाणं कसं जातं ते सांगतो, कॉर्ड्स सांगतो, ती ऐकत ऐकत पियानोवर अंदाज घेते, सुरुवातीला दबकत, मग हळूच वरचा सूर धरते. म्हणजे आपण दोन माणसांना काम करताना बघतोय आणि ते काम करता करता गाणं होतं. बोलणं कुठं संपलं ते सांगताच येत नाही. आणि गोष्ट थांबलेली नाही, उलट ही दोघं एकमेकांत गुंतली हे त्या गाण्यातच घडतं, त्याआधी एक शब्द बोललेले नसतात त्याबद्दल. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं हे मामंजींना नंतर सांगा, आधी नको, आधी सांगितलं की माणूस परीक्षकासारखा बघायला लागतो.

पुढं एक जागा अशी येते की जिथं तुमचे मिस्टर "झालं, लागली रस्त्यावर गायला" म्हणायची शक्यता आहे. रात्री ती मुलगी घरच्या कपड्यांत रस्त्यानं चालत चालत गाते, चांगलं लांब, सगळं एका ओघात. पण तिच्या कानात हेडफोन आहेत, त्यानं दिलेली चाल वाजतेय आणि ती तिच्यावर शब्द बसवतेय. प्लेअरचे सेल संपले म्हणून लेकीच्या गल्ल्यातली चिल्लर घेऊन दुकानात गेली आणि परत येतेय. माझ्या काकांनी ह्याच जागी मान हलवली होती. तुम्ही त्या क्षणी काही बोलू नका, फक्त लक्ष ठेवा. इथं फोन निघाला नाही तर पुढचा सिनेमा लावायला हरकत नाही.

'वन्स'च्या अडचणी पण सांगते. आयरिश उच्चार आहेत, सबटायटलशिवाय निम्मं कळणार नाही, आणि शिव्या सर्रास आहेत, बाकी आक्षेपार्ह काही नाही. सातवीतल्या मुलीचं काय ते तुम्ही ठरवा. शिवाय काही ठिकाणी सबटायटल नुसत्या संवादांना असतात, गाणं आलं की पट्टी रिकामी. अशा वेळी गाणं म्हणजे नुसता आवाज होतो आणि गोष्ट थांबल्यासारखी वाटते, ह्यात बिचाऱ्या सिनेमाचा दोष नसतो. म्हणून कुठलाही म्युझिकल शुक्रवारी एकदा उघडून पहिलं गाणं बघून ठेवा, शब्द खाली येतात का. तेव्हाच आवाजही बघा. रात्री टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, मग गाणं आलं की भिंती हादरतात, आणि मामंजी दचकतात ते गाण्यामुळं नाही, आवाजामुळं. बऱ्याच टीव्हीत आणि साउंडबारमध्ये नाइट मोड असतो, त्यानं मोठा आणि बारीक आवाज जवळ येतात, तो लावून ठेवा. सांध्याची निम्मी धार इथंच जाते.

तिसरा 'शिकागो', २००२ चा, हा मुलगी झोपल्यावर, कारण कपडे, खून, विवाहबाह्य भानगडी सगळं आहे. पण तुमच्या मिस्टरांसाठी ह्याच्याइतका योग्य सिनेमा मला दुसरा सुचत नाही. खुनाचा खटला आहे, वकील आहे, पेपरवाले आहेत, म्हणजे त्यांना एरवी आवडेल असाच माल. आणि सांध्याचा प्रश्न एका युक्तीनं सोडवलाय. सिनेमा सुरू होतो तोच नायिकेच्या, रॉक्सीच्या, डोळ्याच्या क्लोजअपनं. तिला स्टेजवर जायचं वेड आहे, आणि आयुष्यात जे घडेल ते तिला स्टेजवरच्या कार्यक्रमासारखं दिसतं. म्हणजे तुरुंगात किंवा कोर्टात कुणी खरंच गात नाही, गाणं तिच्या डोक्यातल्या रंगमंचावर चाललंय, आणि एक निवेदक येऊन पुढचा आयटम कोणता ते सांगतो. मामंजींना सांगा, हा सूत्रधार. त्यांना लगेच पटेल.

त्यातली तुरुंगातली पहिली रात्र बघा. रॉक्सी पडलीय, झोप नाही, नळ ठिबकतोय. मग पहाऱ्याच्या बुटांचा आवाज, मग कुणाची तरी बोटं गजावर. ठिबक, टप, टक, ह्या आवाजांचा हळूहळू ठेका बनतो आणि ठेका तयार झाल्यावरच गाणं येतं, एकेक कैदी बाई आपण नवऱ्याला किंवा याराला का मारलं ते सांगते. ऑर्गनवाल्यानं सूर द्यावा तसा हा नळ सूर देतो. आणि पत्रकार परिषदेचं गाणं लागेल तेव्हा चहा, फोन सगळं बंद. वकील बोलक्या बाहुल्यांचा खेळ करतोय, रॉक्सी त्याच्या मांडीवरची बाहुली, आणि तो खोटी हकीकत तिच्या तोंडून वदवून घेतोय, पेपरवाले पण त्याच्याच दोऱ्यांवर. तीन-चार मिनिटांत खोटं तयार होऊन छापून पण येतं. हेच नुसत्या संवादात दाखवायचं तर तीन सीन लागले असते. गोष्ट थांबते म्हणून तक्रार असलेल्या माणसाला इथं गाण्यातच गोष्ट पळताना दिसते. आणि माझा अनुभव असा की एकदा हे दिसलं की तो माणूस पुढं दुसऱ्या सिनेमांतही गाण्याच्या वेळी मान वर ठेवतो.

एक मर्यादा मात्र आहे, तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे आवाज खोटा वाटणाऱ्या माणसाला 'शिकागो' रुचेलच असं नाही. गाणी चकचकीत आहेत, कटिंग फार वेगवान आहे, डोकं दुखतं म्हणणारेही मी बघितलेत. तसं झालं तर मागं 'वन्स'कडं या, आणि त्याच दिग्दर्शकाचा 'सिंग स्ट्रीट' (२०१६) लावा, १९८५ च्या डब्लिनमधली शाळकरी पोरं बँड काढतात त्याची गोष्ट. तिथंही गाणं हे पोरांचं काम आहे, मध्येच उगवलेलं नाही.

आता निवड करताना बाकीच्या सिनेमांसाठी काय बघायचं ते ह्यातूनच कळेल, पण जे वाचक तुमच्यासारख्याच घरात राहतात त्यांच्यासाठी जरा मोकळं सांगते. शुक्रवारी पहिलं गाणं उघडून बघाल तेव्हा बघा की ते कितव्या मिनिटाला येतं. पंचवीस मिनिटं साधा सिनेमा चालून मग पहिल्यांदा कुणी गायला लागलं तर अशा प्रेक्षकांना हमखास झटका बसतो. नांदी जेवढी लवकर तेवढं बरं. मग बघा की वाद्य कुठून येतंय, कुणाच्या हातात आहे का, किंवा डोक्यात वाजतंय हे दाखवलंय का. आणि शेवटी गाणं सुरू व्हायच्या आधी पात्रं जिथं होती तिथंच गाणं संपल्यावर आहेत का पुढं सरकलीत. तिन्हींची उत्तरं गाण्याच्या विरुद्ध गेली तर सिनेमा कितीही गाजलेला असो, शनिवारी लावू नका, तुमच्यासाठी ठेवा, दुपारी एकटीनं बघा, त्यात काही कमीपणा नाही.

मामंजींसाठी एक सिनेमा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, १९६४ चा फ्रेंच 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग', झाक दमीचा, संगीत मिशेल लग्रांचं. ह्यात सांधाच नाही, कारण बोलणंच नाही. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं गाऊन, पेट्रोल कुठलं भरू हे पण गाऊन. बोलता बोलता मध्येच गायला लागली अशी तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही. वर संगीत आधी रेकॉर्ड केलेलं आणि नटांचे गळे दुसऱ्यांचे, कातरीन दनव्हसाठी गायलीय डॅनिएल लिकारी, म्हणजे आपल्याकडचं पार्श्वगायनच की. मामंजींच्या कानाला ते परकं वाटणार नाही. गोष्ट छत्रीच्या दुकानातली मुलगी आणि गॅरेजमधला मुलगा, मध्ये लढाईवर जाणं, लग्नाआधीचं गरोदरपण, पैशाची ओढाताण. शेवट असा की माझ्या ओळखीत एकही जण कोरड्या डोळ्यांनी उठलेला नाही.

पण ह्या सिनेमात मधलं काही चालत नाही. कान साधारण दहा मिनिटांत रुळतो, रुळला तर रुळला, नाही रुळला तर तासभर बसूनही रुळत नाही. म्हणून अख्खा लावायचं ठरवू नका. आधी सांगा की ह्यात सगळं गाऊन आहे आणि फक्त गॅरेजचा पहिला सीन लावा. तिथं एक मेकॅनिक दुसऱ्याला सांगतो की मला ऑपेरा आवडत नाही, ती माणसं सारखी गात असतात त्याचा त्रास होतो, त्यापेक्षा सिनेमा बरा. आणि हे तो गाऊन सांगतो. त्या वाक्याला सिनेमा थांबवा आणि मामंजींकडं बघा. हसले तर पुढं चालू ठेवा, नाही हसले तर बंद करून 'कट्यार' परत लावा, ते दुसऱ्यांदाही बसून बघतील.